शब्दचर्चा: ‘मिंगु तुतुप’ म्हणजे रविवारी बंद की आठवडाभर बंद?

क्लांगकर: माझी बहीण मलेशियात क्लांगला कापडाचं आणि शिलाईचं दुकान चालवते. दिवाळीच्या सवलतीसाठी तिने मलय भाषेत एक पोस्टर केलं. मजकूर कुठल्याशा तयार नमुन्यावरून उचलला आणि छापायच्या आदल्या संध्याकाळी मला दाखवला. वर मोठ्या अक्षरांत ‘तोको काइन’, म्हणजे कापडाचं दुकान. त्याखाली ‘दिस्कोन ३०%, क्वालितास तरबाइक’, म्हणजे सवलत आणि सर्वोत्तम दर्जा, मग दोनशे रिंगिटच्या वरच्या खरेदीवर ‘ग्रातिस ओंकोस जाहित’, म्हणजे शिलाई फुकट. पैसे कार्डाने देता येतील यासाठी ‘बिसा’ आणि ‘कार्तु’ हे शब्द. तळाला ‘सनिन ते साब्तु, जाम ९’, म्हणजे सोमवार ते शनिवार, नऊ वाजता, आणि शेवटी ‘मिंगु तुतुप’.

मला सगळं बरोबर वाटलं. पण शेजारच्या दुकानातल्या मलय माक्चिक, म्हणजे आपल्याकडे जशा मावशी, त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ऐन सणात आठवडाभर बंद ठेवणार?” बहिणीला तर रविवारी बंद असं म्हणायचं होतं. मग त्या म्हणाल्या, हे सगळं इंडोनेशियन आहे गं. आता नेमकं काय बदलायचं?

सेरेंबनची आत्या: माक्चिकना नीट दिसलं. मलयमध्ये नुसतं ‘मिंगु’ म्हणजे आठवडा, रविवार म्हणजे ‘अहद’. इंडोनेशियनमध्ये ‘मिंगु’ हे वाराचंही नाव आहे. मलेशियातले लोकही ‘हारी मिंगु’ म्हणतात आणि तेव्हा त्यांना रविवारच म्हणायचा असतो, पण आधी ‘हारी’, म्हणजे वार, लागतं. पोस्टरवर ते नव्हतं, म्हणून त्या अडखळल्या. ‘तुतुप पादा हारी अहद’ असं लिहा, कुणी विचारायला येणार नाही.

सोमवारही बदला. ‘सनिन’ नाही, ‘इस्निन’. गुरुवार ‘खामिस’, त्यात के नंतर एच हवा, इंडोनेशियनमध्ये तो नसतो. शुक्रवारच्या ‘जुमाआत’मध्ये मलय दोन ए लिहितात, इंडोनेशियन एकच. तुमच्या पोस्टरवर हे दोन वार नाहीत, पण पुढच्या वेळी लागतील.

दोमिंगोचा मित्र: आम्ही गोव्याचे. ‘मिंगु’ पाहिल्यावर लगेच ‘दोमिंगो’ आठवला, पोर्तुगीज रविवार! आमच्या वाड्यात या नावाचे तिघे आहेत. मग रविवार हाच मूळ अर्थ, आणि तोच बरोबर, नाही का?

सेरेंबनची आत्या: मूळ तेच आहे, तुमचं बरोबर. पण शब्द कुठून आला यावरून तो आज तिथे कसा वाचला जातो हे ठरत नाही. ‘शिक्षा’ शब्द मुळात शिकण्याचा, पण मराठी पोस्टरवर ‘मोफत शिक्षा’ लिहून पाहा.

सुराबायाहून परतलेला: हे वाचून माझी जुनी जखम उघडी पडली. मी क्वालालंपूरला दोन वर्षं काढून इंडोनेशियात सुराबायाला गेलो. तिथे पत्रकावर अभिमानाने ‘सल्ला पर्चुमा’ छापलं. मलेशियात ‘पर्चुमा’ म्हणजे मोफत, दुकानादुकानावर दिसतं. सुराबायाच्या सहकाऱ्याने पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं आणि हळूच सांगितलं, आमच्याकडे याचा अर्थ ‘व्यर्थ’. म्हणजे मी ‘निरुपयोगी सल्ला’ असं छापून वाटत होतो. तिथे ‘ग्रातिस’च लिहावं लागतं.

क्लांगकर: म्हणजे बहिणीच्या पोस्टरवर उलट, ‘ग्रातिस’ काढून ‘पर्चुमा’?

सेरेंबनची आत्या: हो. ‘उपाह जाहित पर्चुमा’. शिलाईच्या मजुरीला इथे ‘उपाह’ म्हणतात. ‘ओंकोस’ कळतं, पण शिंप्याच्या दुकानात कानाला खटकतं.

अर्ध्या वाटेवरचा: मला एक कळत नाही. १९७२ साली दोन्ही देशांनी मिळून शुद्धलेखन एक केलं ना? मग लेखनाचा फरक उरलाच कसा? ज्याला जे हवं ते लिहू द्या.

सेरेंबनची आत्या: एक झाली ती अक्षरांची पद्धत. आधी च या उच्चारासाठी मलय लोक सी-एच लिहायचे आणि इंडोनेशियन टी-जे. १९७२ पासून दोघेही एकटा सी लिहितात. पण शब्दांची घडण जुळवली नाही. इंग्रजांच्या अमलाखाली मलयने ‘क्वालिती’ घेतलं, डचांच्या अमलाखाली राहिलेल्या इंडोनेशियनमध्ये ‘क्वालितास’ रुळलं. विद्यापीठ तसंच, ‘उनिवर्सिती’ आणि ‘उनिवर्सितास’. ही शेपटी एकदा ओळखता आली की पोस्टरवरच्या निम्म्या चुका स्वतःहून दिसतात. ‘दिस्कोन’चं ‘दिस्काउन’ आणि ‘कार्तु’चं ‘काद’ करा.

विदर्भातला भाषाप्रेमी: आमच्याकडेही पाट्यांवर हिंदी घुसतेच. ‘दुकान चालू आहे’ऐवजी ‘दुकान खुली है’. यावर काहीतरी करायला हवं!

क्लांगकर: दादा, प्रश्न मलयचा आहे, पण त्रास ओळखीचा वाटतो. आत्या, ‘बिसा’चं काय? माक्चिक तो शब्द वाचून हसल्या.

सेरेंबनची आत्या: मलयमध्ये ‘बिसा’ म्हटलं की आधी सापाचं विष आठवतं. आपल्या ‘विष’वरूनच आलेला शब्द. ‘शक्य आहे’ या अर्थाचा इंडोनेशियन ‘बिसा’ वेगळा. दोन्ही अर्थ तिथे नांदतात, पण मलेशियात व्यवहारात ‘बोलेह’ म्हणतात. ‘बोलेह बायार दंगान काद’ लिहा. वेळेसाठीही ‘जाम ९’ नको, ‘पुकुल ९.०० पागी’ हवं.

एक धडा मी अनुभवाने शिकले. ‘ग्रातिस’, ‘क्वालितास’ हे शब्द परके दिसतात, म्हणून निदान पकडले तरी जातात. ‘मिंगु’ आणि ‘बिसा’ हे मलय शब्दच आहेत, फक्त अर्थ वेगळा. संगणकाची शुद्धलेखन तपासणी त्यांच्याखाली लाल रेघ ओढणार नाही. असे शब्द माणसालाच वाचून शोधावे लागतात.

क्लांगकर: काल रात्री बहिणीने फोनवरच सगळं दुरुस्त केलं. तळाला ‘खरेदीबद्दल धन्यवाद’ आहे, त्यात ‘बद्दल’साठी तिने ‘कराना’ लिहिलं. फोनने दोनदा ते बदलून ‘कारना’ केलं. ई पहिल्या व्यंजनानंतर हवा होता, फोन तो दुसऱ्यानंतर नेऊन ठेवायचा.

सेरेंबनची आत्या: आपल्या ‘कारण’चीच दोन रूपं, पहिलं मलय, दुसरं इंडोनेशियन. फोनच्या कीबोर्डची भाषा बघा. `id` असेल तर इंडोनेशियन, मलयसाठी `ms` लागतं. तो नमुना निवडतानाही हेच झालं असणार, लोक नुसतं ‘बहासा’ म्हणून शोधतात. शंका आली तर `prpm.dbp.gov.my` वर शब्द टाका. देवान बहासा दान पुस्ताका या संस्थेचा कोश आहे. भाषा आणि पुस्तक, दोन्ही आपलेच शब्द.

क्लांगकर: कीबोर्ड खरंच `id` वर होता. बदलला. वरचं ‘तोको’ही काढून ‘कदाई’ केलं. इथला तमिळ शिंपी म्हणतो, हा तर आमचा ‘कडै’. पण आता तोच विचारतो, आपली निम्मी गिऱ्हाइकं गिरणीत काम करणाऱ्या इंडोनेशियन बायका आहेत, त्यांना ‘पर्चुमा’ वाचून काय वाटेल?

सुराबायाहून परतलेला: त्याच बायका मलेशियात वर्षभर राहिल्या की ‘पर्चुमा’ सरावाचं होतं. पण नवीन आलेलीला खटकेल. मी असतो तर दोन्ही छापले असते.

सेरेंबनची आत्या: दोन्ही छापले तर मलय वाचणाऱ्याला पोस्टर पुन्हा परक्याचं वाटेल. मी एकच ठेवीन, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीला सांगून ठेवीन की कुणी विचारलं तर ‘ग्रातिस’ म्हण.

क्लांगकर: बहीण अजून ठरवते आहे. छपाईवाल्याला उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.