प्रतिसाद: ‘इतर स्थळ’ म्हणजे कोणते स्थळ?

“कायद्यात ‘किंवा इतर स्थळ’ असे सरळ लिहिले असताना न्यायालय त्यातून काही स्थळे वगळते कशी?”

इंग्लंडच्या १८५३ च्या बेटिंग कायद्यात ‘घर, कार्यालय, खोली किंवा इतर स्थळ’ असे शब्द होते. केम्प्टन पार्क रेसकोर्सवरील पैजांचे उघडे आवार त्यात बसते का, हा प्रश्न १८९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला, तेव्हा आधीची तिन्ही स्थळे बंदिस्त असल्याने उघडे आवार ‘इतर स्थळ’ ठरत नाही, असा निर्णय झाला. यामागचे सूत्र ‘इजुस्डेम जेनेरिस’, म्हणजे यादीच्या शेवटी येणारा सामान्य शब्द यादीतल्या गोष्टींच्या वर्गापुरताच घेणे. मात्र ते लावायला आधीच्या शब्दांतून एक वर्ग दिसावा लागतो, आणि वकील नेमके हेच विसरतात. ‘नाट्यगृहे व सार्वजनिक मनोरंजनाची इतर स्थळे’ या शब्दांत १९४४ मध्ये करमणुकीची जत्राही धरली गेली, कारण एकट्या नाट्यगृहावरून वर्ग बनत नाही.

‘नॉसिटुर अ सोसिस’, म्हणजे शेजारच्या शब्दांवरून अर्थ लावणे, यालाही अशीच मर्यादा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या १९६० च्या खटल्यात ‘उद्योग’च्या व्याख्येतील ‘अंडरटेकिंग’ हा शब्द शेजारच्या ‘व्यापार’, ‘धंदा’ यांच्यामुळे संकुचित होतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. विधिमंडळाने व्यापक शब्द हेतुपुरस्सर वापरला असेल तर हे सूत्र लागत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.