परदेशातली दिवाळी आणि फसलेल्या-जमलेल्या चकल्या : तुमचे अनुभव लिहा

सांगलीचा_पोरगा

मंडळी, मी स्टुटगार्टला असतो, गिअरबॉक्स टेस्टिंगमध्ये काम करतो, आणि दिवाळी आली की दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसात बसून मला भाजणीचा वास येतो, खरंच येतो, डॉक्टरला दाखवायची गरज नाही 😄 आमच्याकडे सांगलीत दिवाळीच्या आधी गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची आणि आई मला पाठवायची कारण "आधी कुणाचं मिरचीचं दळण नाही ना बघ, नाहीतर भाजणीला ठसका येतो" हे बघायचं महत्त्वाचं काम माझ्याकडे होतं.

यंदा (2024) आम्ही चौघा मराठी पोरांनी ठरवलं की फराळ मागवायचा नाही, करायचा. चिवडा जमला, त्यात न जमण्यासारखं काही नाही. शंकरपाळ्या एकाने इतक्या सुंदर कातल्या की आम्ही त्याचं लग्न लावून द्यायला तयार आहोत. चकलीवर मात्र पूर्ण शनिवार गेला. भाजणी आईने पाठवलेली, सोऱ्या एकाच्या बायकोने बॅगेत टाकलेला, तेल इथलं सूर्यफुलाचं. पहिला घाणा तेलात गेला आणि सुटला, म्हणजे चकली टाकली आणि वर काटेरी चुरा आला. मग पीठ वाढवून मळलं तर पुढच्या चकल्या छान गोल, रंग एकदम झकास, तासाभरात अर्ध्या संपल्या. उरलेल्या डब्यात भरल्या आणि सोमवारी ऑफिसला नेल्या तर मऊ! जर्मन लोकांना काय, त्यांनी आवडीने खाल्ल्या, एकाने विचारलं की याबरोबर बिअर कुठली घ्यायची. पण मला माहितेय की त्या मऊ होत्या.

तर तुमच्या गावातली, देशातली दिवाळी कशी झाली, काय केलंत, काय फसलं, सगळं लिहा. रडायचं नाही हा नियम.

एडिसनवाली

न्यू जर्सीत ये बाबा, इथे भाजणीपासून उटण्यापर्यंत सगळं दुकानात मिळतं, ओक ट्री रोडवर गेलं की दिवाळीत पार्किंग मिळत नाही एवढाच काय तो त्रास. खरं सांगू का, सगळं मिळायला लागलं तसं मी घरी करणं सोडलं, आणि आता तुझी पोस्ट वाचून जरा हेवा वाटला.

मितभाषी

चकली विरघळली कारण तेल जास्त गरम होतं. तेल थंडच ठेवायचं, मंद आचेवर तळायचं. बास.

ठाण्याच्या_काकू

मितभाषी, मंद आचेचं बरोबर पण अर्धंच बरोबर. तेल कोमट असेल तर चकली तेल पिते आणि तिथेच सुटते. विरघळण्याचं पहिलं कारण मोहन जास्त होणं, दुसरं कारण तेल पुरेसं तापलेलं नसणं.

सांगलीकरा, तू मोहन किती घातलंस ते लिहिलंच नाहीस, पण पीठ वाढवल्यावर जमलं म्हणजे मोहनच जास्त होतं, कारण पिठाने ते प्रमाण खाली आलं. आमच्याकडे एका वाटी भाजणीला एक मोठा चमचा तेल, कडकडीत नाही, उकडीच्या पाण्यातच घालायचं. जेवढी भाजणी जवळपास तेवढंच पाणी, त्यात तेल, तिखट, मीठ, हळद, तीळ, ओवा, पाणी उकळलं की गॅस बंद करून भाजणी घालायची, कालवायचं आणि झाकून अर्धा तास विसरून जायचं. मग लागेल तेवढंच पीठ घेऊन पाण्याच्या हाताने मळायचं. सगळं एकदम मळून ठेवलंस तर शेवटपर्यंत ते कोरडं पडतं आणि चकली सोऱ्यातून बाहेर येताना तुटते.

आणि सगळा घाणा टाकायच्या आधी एक छोटासा तुकडा टाकून बघायचा रे! सुटला तर थोडी कोरडी भाजणी मिसळ. कडक झाला, दाताखाली दगड लागला तर मोहन कमी आहे, मळताना चमचाभर गरम तेल घाल. तेलात तुकडा टाकला की क्षणभर खाली जाऊन लगेच वर यायला पाहिजे. खालीच बसून राहिला तर तेल तापलेलं नाही, टाकल्या टाकल्या लाल झाला तर जास्त तापलंय.

सांगलीचा_पोरगा

काकू 🙏 मोहन "अंदाजे" होतं, आणि अंदाज ज्याचा होता तो हिशोबाने सॉफ्टवेअरवाला आहे. पण मग मऊ का पडल्या? रंग तर एक नंबर होता.

ठाण्याच्या_काकू

रंगानेच फसलास. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते आणि आत पाणी राहतं, मग डब्यात ते पाणी बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी चकली लोळागोळा. रंगाकडे बघू नकोस, बुडबुड्यांकडे बघ. टाकल्यावर तेल कसं खळखळतं, ती खळखळ म्हणजे आतलं पाणी जातंय. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायची, त्याआधी नाही, भले रंग आला असो. आणि गरम असताना डब्यात भरल्यास का? ती वाफ झाकणाला लागून परत खाली पडते.

सांगलीचा_पोरगा

भरल्या. गरमच भरल्या. कारण समोर ठेवल्या असत्या तर उरल्या नसत्या.

थर्मोकपल

मी आइंडहोवनला असतो. मी दरवर्षी तेलात किचन थर्मामीटर टाकतो, काकू हसतील. चकली टाकताना 170 च्या आसपास, टाकल्यावर ते खाली येतंच, मग 160 ला धरून ठेवायचं. पण या धाग्यातला खरा मुद्दा कुणी लिहिलाच नाही, तो म्हणजे शेगडी. गॅसवर आच कमी केली की लगेच कमी होते. काचेखाली कॉइल असलेली शेगडी असेल तर बटण कमी केल्यावरही काच तापलेली राहते आणि तेल वर चढत जातं, आणि थंड चकल्यांचा घाणा टाकला की धपकन खाली येतं आणि परत चढायला वेळ लागतो. म्हणून तिथे जाड बुडाचं भांडं, तेल जरा जास्त आणि एका वेळी चकल्या कमी. सांगलीकर, तुम्ही किती टाकत होता?

सांगलीचा_पोरगा

मावतील तितक्या 😬

थर्मोकपल

झालं, उत्तर मिळालं. मग तेल थंड पडलं, तुम्ही आच वाढवली, पुढचा घाणा बाहेरून जळायच्या बेतात आणि आतून ओला. पहिला घाणा सुटला तोही मोहनामुळेच असं मी म्हणणार नाही, दोन्ही असू शकतं.

ठाण्याच्या_काकू

मोहनच होतं. पण थर्मामीटरवर मी हसणार नाही, आमच्या सुनेनेही आणलाय.

हेलसिंकीहून

आमच्याकडे भाजणीच मिळत नाही तर पुढचं काय बोलणार. मी पहिल्यापासून केली. तांदूळ धुऊन टॉवेलवर पसरून हीटरसमोर वाळवले, कारण इथे नोव्हेंबरात ऊन ही अफवा आहे. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक मूग, पाऊण उडीद, वाटीभर पोहे, अर्धी वाटी धणे, थोडं जिरं, सगळं वेगवेगळं मंद भाजलं आणि मग दळायचा प्रश्न आला. मिक्सरने तांदूळ रवाळ ठेवला, कितीही फिरवा. तसंच केलं तर चकलीला तडे जातात, काटा येतो पण वळत नाही. शेवटी कॉफीच्या ग्राइंडरमध्ये थोडं थोडं दळून मैद्याच्या चाळणीने चाळलं, रवाळ उरलं त्याची थालीपीठं केली. आता कॉफीला धण्याचा वास येतो. नवऱ्याला आवडत नाही, मला आवडतो.

चिंचवडकर_बाबा

लेखकास नमस्कार. आपणास फराळ मागवायचा असल्यास ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुरिअर करावे. माझी मुलगी म्युनिकला असते, आम्ही दरवर्षी पाठवतो. फक्त पेढे, बर्फी पाठवू नये, दुधाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत. चकली, चिवडा, शेव चालते. बेसन लाडू तुपातले असल्याने बंद आहेत.

सांगलीचा_पोरगा

बाबा, मागवायचा नाहीये, केला होता 😄 पण माहितीसाठी आभार. लाडू बंद आहेत का नक्की? माझ्या मित्राच्या बॅगेतून मागच्या वर्षी आले होते.

फ्रांकफुर्टकर

युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना सामानात दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही हे पक्कं, म्हणजे पेढे, खवा, तुपाची बरणी गेली. बिस्किट, केक, मिठाई अशा प्रकारांना सवलत आहे, लाडू त्यात बसतो की नाही हे समोरच्या अधिकाऱ्याला लाडू कसा समजावून सांगता त्यावर आहे असं माझं मत. मी तरी बेसन इथे भाजतो आणि तूप इथल्याच लोण्याचं कढवतो, उत्तम होतं.

बाय द वे, तळताना किचनचं दार बंद ठेवा. स्मोक डिटेक्टर किचनमध्ये नसला तरी पॅसेजमध्ये असतो, दार उघडं ठेवलं की धूर तिकडे जातो आणि मग सगळ्या बिल्डिंगला कळतं की आज दिवाळी आहे.

मेलबर्नची_मीनल

आमची तर उलटीच गंमत, इथे वसंत ऋतू. आकाशकंदील लावला पण सूर्य मावळतो आठच्या आसपास, तोपर्यंत मुलगी पेंगायला लागते, म्हणून तिने दुपारीच पडदे ओढून हॉलमध्ये कंदील लावला. चकल्या मी बटरच्या, तांदळाच्या पिठाच्या करते, भाजणी बिजणी नाही. काकू, मारू नका.

ठाण्याच्या_काकू

मारत नाही. पण ती चकली नव्हे.

मेलबर्नची_मीनल

काटा आहे, गोल आहे, कुरकुरीत आहे, संपते आहे. अजून काय पाहिजे काकू?

सांगलीचा_पोरगा

यावर धागा वेगळा काढा बायांनो, दोनशे प्रतिसाद येतील.

एक राहिलंच. लक्ष्मीपूजनाचा घोळ. आमच्या घरच्या कॅलेंडरात 1 नोव्हेंबर, शुक्रवार. आमच्यातल्या लखनौच्या मित्राकडे 31 ऑक्टोबर. ऑफिसला 31 ला काम आणि 1 ला आमच्या राज्यात सुट्टी, त्यामुळे माझा कल साहजिकच कुठे होता ते सांगायला नको. तिकडे सांगलीत संध्याकाळी सहाला पूजा, इकडे दुपारचा दीड, फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि बाबा म्हणतील तसं मी इकडे केलं. आईला फक्त एवढंच बघायचं होतं की पोरगा धुतलेला झब्बा घालून बसलाय का.

पंचांगवाला

गंमत सांगू का. अमावस्या 31 ला भारतात दुपारी 3:52 ला लागली आणि 1 तारखेला संध्याकाळी 6:16 ला संपली. 1 ला सूर्यास्तानंतर ती थोडी का होईना शिल्लक होती म्हणून महाराष्ट्रात 1 धरली. जर्मनीत हेच गणित केलं, तर साडेचार तास मागे, म्हणजे 31 ला सकाळी 11:22 ते 1 ला दुपारी 1:46. तुमच्याकडे 1 च्या संध्याकाळी अमावस्याच नव्हती. तिथल्या सूर्यास्ताने 31 यायला हवी होती.

सांगलीचा_पोरगा

पण दीड वाजता होती ना? सोळा मिनिटं हातात होती 😄

पंचांगवाला

होती. पण भर दुपारी प्रदोषकाळ कसा म्हणायचा?

एडिसनवाली

आमच्या देवळात दोन्ही दिवस प्रसाद होता. मी दोन्ही दिवस गेले.

मितभाषी

तेल थंड म्हणजे मला मध्यमच म्हणायचं होतं.

सांगलीचा_पोरगा

काकू, तुळशीच्या लग्नापर्यंत अजून एक रविवार आहे आणि भाजणी दोन वाट्या उरलीय. दोन चमचे तेल, कमी चकल्या, बुडबुडे थांबेपर्यंत, गार करून डबा. बरोबर ना?

ठाण्याच्या_काकू

आणि तुकडा आधी. फोटो टाक, तोडलेल्या चकलीचा टाक, आतली नळी पोकळ दिसली पाहिजे.