खरगोन-खंडव्याच्या मुली खोली देऊनही का जातात?

वैशाली, विजयनगर: खरगोन, खंडवा, बुरहानपूरकडच्या शिकलेल्या मुली सलूनमध्ये कामाला घेणं मी आता बंद करणार. राहायला खोली देते, दोन वेळचा डबा देते, तरी दिवाळीला घरी गेल्या की परत येत नाहीत. आईवडिलांना फक्त लग्न दिसतं. यापुढे इंदूरच्याच मुली.

मेधा, सुदामानगर: हे वाचून राहवलं नाही. लग्नाचं कारण सांगायला सोपं असतं. खरी अडचण शेवटच्या अपॉइंटमेंटची असते. साडेसहाला ग्लोबल कलर घेतला की लावणं, थांबणं, धुणं, ब्लो-ड्राय मिळून साडेनऊ वाजतात. मुलगी रस्त्यावर ऑटो शोधत उभी आणि घरून फोनवर फोन. पगार किती हे वडील एकदाच विचारतात, रात्री सोडायला कोण येतं हे रोज विचारतात. मी पाचनंतर कलर आणि स्मूदनिंग घेत नाही, कटिंग चालतं. साडेआठला शटर. लग्नसराईत उशीर झालाच तर गाडीचं भाडं सलूनचं, आणि तिच्या घरी फोन मी करते.

खोली तुमच्या ताब्यात असेल तर काम सोडलं त्याच दिवशी मुलीचं छप्पर जातं. आईबापांना ते बरोबर कळतं. मी पीजीचं डिपॉझिट भरते आणि पगारातून थोडं थोडं कापते. पीजी मुलीच्याच नावावर, दोघी एका खोलीत, आणि आई आधी येऊन एक रात्र राहून बघते.

संजय, राजेंद्रनगर: नोकरी करणाऱ्या बायका सहानंतरच येतात. तो धंदा सोडून द्यायचा? दुकान स्वतःचं असेल त्यालाच हे परवडतं. मी एक वर्षाचा बॉण्ड लिहून घेतो, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो. माझ्याकडून मधेच कोणी जात नाही.

स्नेहल, मूळची बुरहानपूरची: अशीच माझी मार्कशीट एका सलूनने अडकवली होती. आई आजारी पडली तेव्हा कागद मागितले, तर "आधी पैसे भर". डिप्लोमा करून आले होते, तरी वर्ष होत आलं तेव्हाही बेसिनवरच. दिवसभर शॅम्पूत हात, बोटांच्या पेरांना भेगा, कैची धरली की रक्त यायचं. संजयदादा, तुमच्याकडच्या मुली राहतात की अडकतात?

संजय: माझ्यावर घसरू नका. मी शिकवायचं आणि पलीकडच्या सलूनने दोन हजार जास्त देऊन पळवायचं, हे चालतं का? बॉण्ड कायदेशीर आहे.

अनिरुद्ध, वकील: अर्धंच बरोबर आहे. सोडल्यावर दुसऱ्या सलूनमध्ये काम करायचं नाही, ही अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. मुदतीआधी सोडल्याची भरपाई मागता येते, पण कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच. बॉण्डवर आकडा लिहिला म्हणून तो सगळा मिळत नाही. शिकवण्यावर काय खर्च केला ते दाखवावं लागतं. आणि मार्कशीट दाबून ठेवायचा हक्क बॉण्डमधून मिळत नाही.

संजय: बरं, मार्कशीट परत देतो. बॉण्ड सोडणार नाही.

कुसुम: माझी भाची देवासहून अपडाउन करेल म्हणते. कोर्स कुठला चांगला?

मेधा: कुसुमताई, त्यासाठी वेगळं विचारा, नक्की सांगते. स्नेहलने बेसिनचं लिहिलं, तिथेच मुली गळतात. आमच्याकडे सेंधव्याची एक मुलगी आहे. पहिला दीड महिना वॉश, ब्लो-ड्राय आणि माझ्या शेजारी उभं राहून रंग कालवणं. मग स्टाफच्याच केसांवर रूट टच-अप: रंग फक्त नव्या वाढीवर, आधी रंगवलेल्या लांबीवर चढू द्यायचा नाही, नाहीतर तिथे गडद पट्टा दिसतो. ते जमल्यावर मंगळवारी सकाळी, गर्दी नसताना, स्वतःची खुर्ची. बिलावर तिचं नाव, इन्सेन्टिव्ह तिचा. ब्लीच सगळ्यात शेवटी.

मागे एक बाई हायलाइट्सना आल्या. काळी मेंदी लावत होत्या. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, तुटतात. या मुलीने मानेमागची बारीक बट कापून २० व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये अमोनियाचे थेंब घालून ठेवली. वाटी गरम झाली, बुडबुडे आले. तिने ब्लीच करायला बाईंना नकार दिला. बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, तिने नाही म्हटलं म्हणजे नाही. त्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं. पण संध्याकाळी तिने घरी फोन करून सांगितलं, मॅडमनी माझं ऐकलं. दिवाळीनंतर ती परत आली.

संजय: एका मुलीवरून नियम होत नाही. माझ्याकडे खुर्ची दिल्याबरोबर दोघी गेल्या, गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन.

स्नेहल: गिऱ्हाईक हाताच्या मागे जातं दादा. ते तुमच्या बॉण्डमध्ये मावत नाही.

वैशाली: पाचचा नियम मला जमणार नाही, माझं निम्मं उत्पन्न संध्याकाळचं आहे. फार तर संध्याकाळचा कलर इंदूरच्या मुलींकडे देईन आणि बाहेरगावच्यांना सकाळची पाळी. पण मग इंदूरच्या रुसल्या तर?

मेधा: रुसतील. संध्याकाळचा कलर करणारीला इन्सेन्टिव्ह वाढवून द्या, आणि तो दर सगळ्यांना एकदमच सांगा.