गाळ्याचं भाडं: चौरस फुटाचा दर बघायचा की दारावरून जाणारी माणसं?

नवा_गाळा
स्टेशनरी आणि छोट्या भेटवस्तूंचं दुकान टाकतेय, पहिलंच. दोन गाळे बघितलेत. एक हमरस्त्यावर चौकाजवळ, २४० चौरस फूट, दर १००, म्हणजे महिना २४,०००. दुसरा आतल्या गल्लीत, ३०० फूट, दर ६०, म्हणजे १८,०००. दोन्हीकडे संध्याकाळी तासभर उभं राहून माणसं मोजली: हमरस्त्यावर ४२०, गल्लीत १३०. माणशी भाडं काढलं तर स्वस्त वाटणारा गल्लीतलाच गाळा दुपटीहून महाग पडतो. हा हिशेब मालकाला दाखवून दर ४० वर आणता येईल का?

रस्त्याकडेचा
कशाला घासाघीस करताय? डोळे मिटून हमरस्ता घ्या. भेटवस्तू कोणी ठरवून घ्यायला निघत नाही, दिसली की घेतात. रोज शेकडो लोक पाटी वाचणार, ती जाहिरात फुकट. गल्लीत भाडं वाचवाल आणि तेच पैसे पत्रकं वाटण्यात घालवाल.

फूटपट्टी
माणसं नंतर मोजा, आधी गाळा मोजा. २४० आणि ३०० हे आकडे मालकाने सांगितलेले आहेत ना? त्यात भिंतींची जाडी असते, जिन्याखालचा कोपरा असतो, कधी पोटमाळाही धरलेला असतो. टेप घेऊन आतून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा आणि मधला खांब वजा करा. दोन मालक जागा दोन पद्धतींनी मोजत असतील तर त्यांच्या दरांची तुलनाच होत नाही.

दर्शनी रुंदीही मोजा. आठ फूट तोंड आणि तीस फूट खोली असलेला गाळा, आणि पंधरा फूट तोंड आणि सोळा फूट खोली असलेला गाळा, दोन्ही २४०च भरतात. पण पहिल्यात मागचा निम्मा भाग गोदामच होतो. ब्रिटनमध्ये दुकानांचं मूल्यांकन करणारे तर दर्शनी बाजूपासूनच्या साधारण पहिल्या २० फुटांना पूर्ण दर लावतात, पुढच्या पट्ट्याला निम्मा, त्यामागे पाव. आपला मालक मात्र मागच्या भिंतीलगतच्या फुटालाही दारातल्या फुटाचाच दर लावतो. घासाघीस करायची ती इथे.

टाका_दोरा
माझं शिवणकामाचं दुकान अगदी आडगल्लीत आहे. वर्दळ जवळजवळ शून्य, तरी काम संपत नाही. एकीने दुसरीला सांगितलं की ती येतेच. वर्दळ बघून भाडं द्यायचं हेच मला पटत नाही.

हिशेबवही
टाका_दोरा, तुमच्याकडे लोक नाव ऐकून येतात. तुम्हाला वर्दळ नको, पत्ता सापडला की झालं, आणि तुम्ही भाडंही तेवढंच द्यावं. धागाकर्तीचं दुकान तसं नाही. तिथे येणारं निम्मं गिऱ्हाईक वाटेतच ठरतं.

नवा_गाळा, तुमच्या ४२० आणि १३० मध्ये दोन घोटाळे आहेत. एक, तो दिवसातला सर्वात गजबजलेला तास आहे. दुसरा मोठा. रस्त्याच्या पलीकडून गेलेला माणूस तुमचा नाही, गाडी पकडायला धावणाराही नाही. कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ असा एकेक तास मोजा, आणि फक्त तुमच्या बाजूने, दाराजवळून जाणारे. त्याच तासात शेजारच्या एखाद्या किरकोळ दुकानात किती जण शिरले आणि किती पिशवी घेऊन बाहेर आले तेही टिपा. माझ्या मते हा शेवटचा आकडाच कामाचा.

समजा असं निघालं. हमरस्त्यावर तुमच्या बाजूने दिवसभरात १,२०० जण गेले, पण चालण्याचा वेग एवढा की शंभरात ३ आत वळले. म्हणजे ३६. त्यातल्या निम्म्यांनी घेतलं, १८. एका खरेदीमागे माल वजा जाता तुमच्या हातात ६० राहत असतील तर दिवसाला १,०८० आणि २६ दिवसांचे २८,०८०. त्यातून भाडं गेलं २४,०००. वीज आणि मदतनीस कशातून देणार?

गल्लीत दिवसाला ५०० जण जातात. गल्ली अरुंद, लोक रमतगमत जाणारे, शंभरात ८ आत वळले. ४० जण, घेणारे २०, दिवसाचे १,२००, महिन्याचे ३१,२००. भाडं १८,०००.

माणसं निम्म्याहून कमी आणि पैसे जास्त. उलटही निघू शकेल, म्हणून तर मोजायचं. दुकान नवीन असताना हाती राहणाऱ्या पैशाच्या निम्म्याहून जास्त भाडं मी देऊ देत नाही. त्या हिशेबाने हमरस्त्याची कमाल मर्यादा साधारण १४,००० आणि गल्लीची १५,६००. पहिला मालक २४ वरून १४ वर येणारच नाही, तेव्हा तिथे बोलणीच नकोत. दुसरा १८ वरून साडेपंधरावर येऊ शकतो. दर ४० मागितलात तर १२,००० होतात. मग तो तुमच्याशी पुढे बोलणारच नाही.

रस्त्याकडेचा
शंभरात ३ आणि शंभरात ८ हे आकडे कुठून आणले? तुम्हाला गल्ली आवडते म्हणून गल्ली जिंकली. दोन्हीकडे ५ धरा, हमरस्ता सरळ पुढे जातो.

हिशेबवही
बरोबर, म्हणूनच 'समजा' म्हटलं. दोन्हीकडे ५ धरले तर हमरस्त्यावर महिन्याला ४६,८०० राहतात आणि गल्लीत १९,५००. म्हणजे सगळा निकाल या एका आकड्यावर फिरतो, आणि तो घरी बसून कळत नाही. शेजारच्या दुकानावरून काढलेला आकडाही कच्चाच असतो, कारण ते दुकान जुनं, सरावाचं. त्यात निदान एक तृतीयांश कपात करून बघा. तरीही गाळा परवडत असेल तर पुढे जा.

दोन_गाळ्यांचा_धनी
मी मालकांच्या बाजूचा, तेव्हा आमचंही ऐका. वर्दळीचा कागद माझ्यासमोर ठेवू नका. माणसं कमी दाखवलीत तर मी म्हणेन, मग चौकात जा. जास्त निघाली तर तुम्हीच मला दर वाढवायचं कारण दिलंत. तुमचं मार्जिन किती याच्याशी मला देणंघेणं नाही. मी तीनच गोष्टी बघतो: आधीचा भाडेकरू काय देत होता, शेजारचा गाळा नुकताच कितीला गेला, आणि माझा किती महिने रिकामा पडून आहे.

शेजारचा भाव म्हणजे करार झालेला भाव, पाटीवर लिहिलेला नव्हे. पाटीवर काय, कोणीही काहीही लिहितो. आणि गाळा तीन महिने बंद असेल तर मालकाचं पाव वर्षाचं भाडं बुडालंय. ते त्याला तुमच्या कागदापेक्षा जास्त टोचतं. शटरवरची धूळ आणि आत साचलेली जुनी बिलं बघा, अंदाज येतो.

अजून एक. दर कमी करा म्हटलं की आम्ही अडतो, कारण पुढची वाढ त्याच आकड्यावर होते आणि शेजारच्या भाडेकरूलाही कळतं. पण सुरुवातीचे दोन महिने माफ करा म्हटलं तर बरेच जण तयार होतात. कागदावरचा दर शाबूत राहतो ना.

हिशेबवही
धनी, हे प्रामाणिकपणे सांगितलंत. पण तुम्हाला तेच का आवडतं तेही लिहा. १८,००० च्या गाळ्याला दोन महिने माफी म्हणजे ३६,०००. तीन वर्षांच्या करारात महिन्याला १,५०० कमी केले तर ५४,०००, शिवाय दरवर्षीची वाढ लहान रकमेवर. भाडेकरूने तीन वर्षं टिकायचं ठरवलं असेल तर दरच खाली आणावा. वर्षात गाशा गुंडाळायची भीती असेल तर माफी बरी, कारण बारा महिन्यांत १,५०० ने जेमतेम १८,००० वाचतात.

दोन_गाळ्यांचा_धनी
आणि जो वर्षात गाशा गुंडाळणार त्याला मी दोन महिने फुकट का द्यावे? म्हणून आम्ही करारात मुदत बांधून घेतो. त्याआधी सोडलात तर माफीचे पैसे परत.

फूटपट्टी
वर्दळीचा कागद दाखवूच नये हे मला पटत नाही. मालक जेव्हा 'लोकेशन बघा' म्हणून शेजारच्या रांगेचा दर लावतो तेव्हा कागद उपयोगी पडतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वर्दळ सारखी नसते. एका बाजूला थांबा, दुसऱ्या बाजूला लांबलचक बंद कुंपण, आणि दर दोन्हीकडे एकच. तिथे फक्त तुलना दाखवायची: समोरच्या बाजूने तासाला इतके, या बाजूने इतके. आपल्या कमाईचा आकडा मात्र तोंडातून काढायचा नाही.

दोन_गाळ्यांचा_धनी
दाखवा. मी म्हणेन समोरचा गाळा घ्या. फरक एवढाच की माझा बरेच दिवस रिकामा असेल तर तेच वाक्य जरा हळू म्हणेन.

मोसमी_वारा
विक्रीच्या टक्केवारीवर भाडं का नाही ठरवत? मोठ्या मॉलमध्ये ठरावीक किमान भाडं आणि वर विक्रीचा हिस्सा असतो. वर्दळ कमी तर भाडं कमी, वादच मिटला.

हिशेबवही
मॉलमध्ये बिलाचं मशीन त्यांच्या नजरेखाली असतं. एकट्या गाळ्याच्या मालकाला तुमची विक्री कशी कळणार? तो विश्वास ठेवणार नाही, आणि तुम्हालाही त्याने दर महिन्याला वही चाळलेली आवडणार नाही. त्यापेक्षा पायऱ्यांचं भाडं मागा: पहिले सहा महिने १३,०००, पुढचे सहा १५,०००, दुसऱ्या वर्षापासून १६,०००. दुकान ओळखीचं व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ भाड्यातही दिसायला हवा.

नवा_गाळा
टेप घेऊन जाऊन आले. हमरस्त्याचा आतून १८०च भरला, म्हणजे खरा दर १३३. गल्लीतला २७०, खरा दर ६७ च्या आसपास. सांगितलेल्या आकड्यांत फरक दीडपट-पावणेदोनपट वाटत होता, तो आता सरळ दुप्पट झाला. गल्लीतल्या मालकाला ३०० आणि २७० चा फरक दाखवला. त्याने वाद घातला नाही, फक्त 'सगळे असंच मोजतात' म्हणाला. शेजारच्या दुकानदाराकडून कळलं की गाळा पाच महिने बंद आहे. आत शिरणाऱ्यांची मोजणी सुट्टीच्या दिवशीची झाली, कामाच्या दिवसाची राहिलीय. सुट्टीला शंभरात ६ निघाले.

रस्त्याकडेचा
६ म्हणजे ८ नव्हे. हिशेबवहींनी परत पाटी पुसावी.

हिशेबवही
पुसतो. ५०० चे ३० जण, घेणारे १५, दिवसाचे ९००, महिन्याचे २३,४००, निम्मे ११,७००. म्हणजे तुमचा ४० चा दर मला वाटला तेवढा वेडेपणाचा नव्हता. २७० फुटांना ६० नेच लावलं तरी १६,२०० होतात, तो तर त्याने स्वतःहून मान्य करायचा आकडा. तिथून खाली पाच बंद महिन्यांच्या जोरावर यायचं. पहिल्या वर्षी १२ आणि मग १४ अशा पायऱ्या मिळतात का बघा. कामाच्या दिवशी ६ च्या खाली गेलं तर १२ लाही घेऊ नका.

फूटपट्टी
करारात २७० हाच आकडा लिहून घ्या. देखभालीचा खर्च फुटावर लावत असतील तर तिथे पुन्हा ३०० निघतात.

टाका_दोरा
गल्लीत संध्याकाळी दुचाक्या कुठे लावतात ते बघितलंत का? माझ्या दारासमोर रांग लागते आणि आतलं काही दिसतच नाही. मला चालतं, पण तुमच्या भेटवस्तू दिसल्या पाहिजेत ना.

नवा_गाळा
लावतात. मी मोजत होते तेव्हाही सात-आठ उभ्या होत्या. मालक म्हणतो रस्ता त्याचा नाही. हे भाड्यात कसं धरायचं?