विमानानं स्वतः सांगितलेल्या जागेवर किती विसंबायचं?

ऋता, कोथरूड

गच्चीवर अँटेना लावून विमानं बघायला लागल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे. रडार विमानाला शोधतं. एडीएस-बीत विमान स्वतःच आपली जागा सांगत जातं. मग महागडी रडार हळूहळू बंद करून नुसत्या एडीएस-बीवर भागेल का? माझ्या मते भागायला हवं. तुमचं काय म्हणणं?

सुहास, सहकारनगर

नाही भागणार. माझी तीस वर्षं रडारवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

8 मार्च 2014 ची रात्र आठवा. मलेशियाचं एमएच 370 क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं होतं. 1 वाजून 21 मिनिटांच्या सुमारास त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र, गप्प झाला. त्याबरोबर एडीएस-बी गेलं आणि नागरी नियंत्रकाच्या पडद्यावरची खूणही गेली. विमान मात्र उडतच होतं. ते उलट वळलं, मलेशियाचं द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेला गेलं. हे आज माहीत आहे ते लष्कराच्या प्राथमिक रडारमुळे. त्याची शेवटची नोंद 2 वाजून 22 मिनिटांची आहे. एक तासभर विमान काहीच सांगत नव्हतं, तरी रडारला ते दिसत होतं.

प्राथमिक रडार विमानाला काही विचारत नाही. ते लाट सोडतं, पत्र्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतं. लाट जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि अँटेनाचं तोंड जिकडे आहे त्यावरून दिशा. विमानानं बोलायला नकार दिला तरी पत्रा कुठे लपवणार?

ऋता, कोथरूड

काका, हे मान्य. पण त्या रात्री नागरी नियंत्रकाच्या पडद्यावरून विमान का गेलं, तेही सांगा ना. त्यांचा भर दुय्यम रडारवर होता. ते 1030 मेगाहर्ट्झवर विचारतं आणि विमानाचा ट्रान्सपॉन्डर 1090 वर उत्तर देतो. उत्तर नाही, तर खूण नाही. शिवाय उंची तर दुय्यम रडारही मोजत नाही, विमान सांगेल तीच घेतं. म्हणजे अर्धा विश्वास आपण आधीच विमानावर टाकलेला आहे.

आता अचूकतेचं बघा. लांबवरचं रडार एका फेरीला दहा-बारा सेकंद घेतं. ताशी 800 किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात दोन किलोमीटरच्या वर सरकतं. दिशेत एक दशांश अंशाची चूक झाली तर 200 किलोमीटरवर ती 350 मीटरची होते आणि विमान जितकं लांब तितकी वाढत जाते. एडीएस-बी सेकंदाला साधारण दोनदा जागा सांगतं. दोन संदेशांमध्ये विमान शंभर-सव्वाशे मीटर पुढे जातं, आणि ते जवळ असो की लांब, चूक तेवढीच राहते.

कॅनडात हडसन उपसागरावर रडारच नव्हतं. 2009 मध्ये तिथे किनाऱ्यावर एडीएस-बीची केंद्रं उभी राहिली आणि विमानांमधलं 80 सागरी मैलांचं अंतर 5 वर आणता आलं. तिथे रडार बसवायचं कुणी आणि कशावर?

अमोल, चिंचवड

एडीएस-बी उपग्रहावरून येतं ना? मग पर्वत, डोंगर असे अडथळे यायचा प्रश्नच नाही. रडारला मात्र डोंगर आडवा येतो.

ऋता, कोथरूड

यातलं अर्धं बरोबर आहे. आपण कुठे आहोत हे विमानाला जीपीएसच्या उपग्रहांवरून कळतं. पण ते पुढे सांगतं साध्या रेडिओवर, आणि ती लाट सरळ रेषेत येते. 35 हजार फुटांवरचं विमान मला चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं, मात्र मुंबईला उतरणारं विमान खाली आलं की घाटापलीकडे हरवतं. सिंहगडाच्या बाजूलाही मला भोक आहे. उपग्रहावर बसवलेले एडीएस-बी ग्राहकही 2019 पासून समुद्रावरची विमानं ऐकतात, पण माझ्या गच्चीवर येतं ते थेट विमानाकडून.

मीनाक्षी, विमाननगर

मला वेगळंच विचारायचंय. भावाला आणायला लोहगावला गेले होते. मुलानं घरी डोंगल लावलाय, त्यावर विमान धावपट्टीला टेकायच्या क्षणी उंची 2150 फूट दिसत होती. विमान तर जमिनीवर. मग ही माहिती चुकीची नाही का?

सुहास, सहकारनगर

चूक नाही, ताई. लोहगावची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 1940 फुटांवर आहे. उरलेले दोनशे फूट हवेच्या दाबाचे. विमान कळवतं ती उंची जीपीएसची नसते, दाबाची असते. आणि समुद्रसपाटीला दाब 1013 हेक्टोपास्कल आहे असं ठरवून काढलेली असते. पावसाळ्यात इथे तो 1005 च्या आसपास उतरतो. आठ एककांचा फरक, दर एककाला सत्तावीस-अठ्ठावीस फूट, म्हणजे सव्वादोनशेच्या घरात. सगळी विमानं एकाच खुणेपासून मोजतात म्हणून वर एकमेकांतलं अंतर बरोबर राहतं.

केदार, हडपसर

दोघंही विमान प्रामाणिक आहे की नाही यावर भांडताय. विमान प्रामाणिक असूनही चुकीचं सांगत असेल तर? कुणी जमिनीवरून जीपीएसचा बनावट संकेत सोडला, तर ते स्वतःच फसतं आणि फसलेली जागा मनापासून कळवतं. जीपीएसचा संकेत गोंगाटानं नुसता बुजवला असेल तर कळतं, कारण संदेशातला `NIC`, म्हणजे कळवलेल्या जागेवर किती भरवसा ठेवायचा ते सांगणारा आकडा, घसरतो. कधी शून्यावर येतो. पण बनावट संकेत चांगला असेल तर `NIC` उत्तमच दिसतो आणि जागा खोटी असते. त्यात या संदेशांवर कुठलंही कुलूप नाही, सही नाही. संगणकावर `dump1090` हा प्रोग्राम चालवणारा कुणीही ते वाचतो, आणि खोटा संदेश बनवणंही अशक्य नाही.

तरी पकडता येतं. समजा विमान सांगतंय की मी सासवडवर दहा किलोमीटर उंचीवर आहे. सासवडपासून माझा हडपसरचा ग्राहक जवळ, अमोलचा चिंचवडचा लांब. मग तोच संदेश माझ्याकडे अमोलच्या साधारण 60 मायक्रोसेकंद आधी पोचायला हवा, कारण लाट एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. तो अमोलकडे आधी आला, तर विमान काहीही म्हणो, ते सासवडवर नाही. फक्त आमची घड्याळं मायक्रोसेकंदात जुळलेली हवीत. तीनचार ठिकाणी ग्राहक असतील तर खरी जागाही निघते.

ऋता, कोथरूड

ही तपासणी मला पटली, आणि तिला फिरती अँटेना लागत नाही. रडार बंद करायला आणखी एक कारण.

सुहास, सहकारनगर

केदारच्या उपायात खोटं बोलणारा सापडतो, गप्प बसलेला सापडत नाही. लोहगावहून सुखोई उठतं, घराच्या काचा थरथरतात. ऋता, तुझ्या पडद्यावर दिसतं का ते? शत्रूचं विमानही आपला पत्ता सांगत येणार नाही. लांबच्या मार्गावरची दुय्यम रडार कमी करा, मी आडवा येणार नाही. प्राथमिक रडारला मात्र हात लावू नका.

ऋता, कोथरूड

सुखोई दिसत नाही, खरंय. लष्कराचं राहू दे. पण बारामतीला शिकाऊ विमानं एकमेकांच्या आजूबाजूला घिरट्या घालतात, तिथे प्राथमिक रडार कोण बसवणार? त्यांच्यात एडीएस-बीचा ग्राहकही असेल तर ती एकमेकांना थेट ऐकतील, मध्ये नियंत्रकही लागणार नाही. हे रडार कधीच देऊ शकलं नाही.

अमोल, चिंचवड

केदारदादा, घड्याळ जुळवायचं म्हणताय, ते जीपीएसवरूनच ना? मग बनावट संकेत माझ्या गच्चीवरही पोचला तर?

केदार, हडपसर

विमानाला फसवणारा संकेत बहुतेक वेळा गच्चीपर्यंत पोचत नाही, पण पोचला तर आपणही फसू. म्हणून घड्याळं जीपीएसवर न जुळवता, ज्याची जागा पक्की आहे अशा दुसऱ्या विमानाचा संदेश दोन्हीकडे ऐकून जुळवतात. आता ते दुसरं विमान कुठलं धरायचं, यावर माझं आणि एका मित्राचं अजून एकमत नाही. रविवारी चिंचवडला येतो, दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघू.