मोडी खरेदीखताचं ‘ट्रान्सलेशन’ हवंय म्हणजे नक्की काय हवंय?

अनघा_पुणे
मी चार वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं घेते. काल न्यू जर्सीहून एका बाईंचा मेल आला. सातारा जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित जमिनीचा जुना स्टँपपेपर आहे, मोडीत लिहिलेला. चार फोटो जोडलेत. मेलमध्ये लिहिलंय की याचं ‘ट्रान्सलेशन, ट्रान्सलिटरेशन आणि इंटरप्रिटेशन’ करून द्या, शब्दाला काय घ्याल? मला मोडी येत नाही. पण त्याआधीचा प्रश्न असा की हे तीन शब्द म्हणजे तीन कामं आहेत की एकाच कामाची तीन नावं? आणि मराठीत या तिन्हीला आपण काय म्हणतो?

शिरवळकर
एकच काम आहे हो. क्लायंटनं नेटवरून शब्द उचललेत. इंग्रजीत भाषांतर करून द्या, विषय संपला. ट्रान्सलिटरेशन म्हणजे आपण मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो ते, त्याचा इथे काय उपयोग? आणि इंटरप्रिटेशनला मराठीत निर्वचन म्हणतात, तो कोर्टाचा शब्द आहे, आपला नाही.

मोडीकाका
शिरवळकर, निर्वचनाचं तुमचं बरोबर आहे, ते पुढे उपयोगी पडेल. पण ट्रान्सलिटरेशन म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं नव्हेत. एका लिपीतला मजकूर, भाषा न बदलता, दुसऱ्या लिपीत उतरवणं म्हणजे लिप्यंतर. मोडीतली मराठी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणणं हे चोख लिप्यंतर आहे, भाषांतराचा त्यात लवलेश नाही. मी अशी कागदपत्रं पंचवीस वर्षं वाचतोय. लोक ‘मोडीचं भाषांतर करून द्या’ म्हणत येतात आणि दहातल्या आठांना हवं असतं लिप्यंतर.

अनघा, त्या बाईंना एकच विचारा: कागद कुणाला दाखवायचाय?

परदेशी_पाखरू
माझाही असाच गोंधळ झाला होता. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. व्हिसासाठी जन्मदाखल्याचं भाषांतर करून घेतलं, तर भाषांतरकारानं नावाची सुरुवात ‘जी, वाय’नं केली. पासपोर्टवर ‘डी, एन, वाय’ होतं, मराठी पद्धतीनं. अर्ज परत आला. म्हणजे मला ट्रान्सलिटरेशन हवं होतं का?

मोडीकाका
दाखल्याला भाषांतरच हवं होतं, फक्त त्यातल्या नावाला लिप्यंतर. तिथे उच्चार कसा आहे याला महत्त्व नसतं, पासपोर्टावर आहे तेच स्पेलिंग ठेवायचं. भाषांतरकारानं आधी पासपोर्टाची प्रत मागायला हवी होती.

दुभाषी_चाकण
मी जपानी-मराठी दुभाषा आहे, कारखान्यांतली कामं करतो. इंटरप्रिटेशन हे माझं काम, म्हणून सांगतो. ते तोंडी असतं. समोर दोन माणसं असतात, एकाचं बोलणं मी दुसऱ्याच्या भाषेत लगेच सांगतो. त्याचा दर शब्दावर नसतो, अर्ध्या किंवा पूर्ण दिवसावर असतो. बोलणं चालू असतानाच कानात भाषांतर करायचं असेल तर दोघं लागतात आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी लागते, नाहीतर डोकं चालेनासं होतं. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडन रायगडावर राज्याभिषेकाला आला तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी होता. तो दुभाषी, भाषांतरकार नव्हे. या बाई कागदासाठी इंटरप्रिटेशन मागतायत, म्हणजे त्यांना काहीतरी वेगळंच म्हणायचंय.

अनघा_पुणे
विचारलं. भावानं तालुक्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावलाय, कागद तिथे द्यायचाय. आणि बाईंना स्वतःला ‘त्यात काय लिहिलंय ते कळायला हवंय’. मी पुढे विचारलं, मराठी वाचता येतं का? म्हणाल्या, ‘हो तर, माझं शिक्षण साताऱ्यालाच झालंय. मोडी मात्र आजोबांबरोबर गेली.’

मोडीकाका
मग इंग्रजीची गरजच नाही. कोर्ट मराठीत चालतं, बाईंना मराठी वाचता येतं. लिप्यंतर करून घ्या, ते करणाऱ्याची सही आणि दाखला जोडा. पुराभिलेख संचालनालयाचं किंवा तसंच मोडीचं प्रमाणपत्र असलेला माणूस बघा.

वकीलताई_कराड
काकांशी सहमत. १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं तर इंग्रजी भाषांतर लागेल, तेव्हा ते या बाळबोध प्रतीवरून करता येईल. आज त्याचे पैसे घेऊ नका.

अनघा_पुणे
मी शब्दाला दर सांगणार होते, इंग्रजीच्या हिशोबानं!

मोडीकाका
मोडीला शब्दाचा दर लावता येत नाही. मोडीत आधी आडवी शिरोरेषा ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द किती आहेत ते वाचून झाल्यावरच कळतं. म्हणून पानाचा दर सांगायचा, आणि तोही फोटो पाहिल्यावर. फोटोत स्टँपची मागची बाजू आहे का? नोंदणीचा शेरा पुष्कळदा तिथे असतो.

अनघा_पुणे
नाही, चारही फोटो पुढच्या बाजूचे आहेत. मागवते. तोवर तिसऱ्या फोटोतल्या काही ओळी ओळखीच्या एका मोडी शिकणाऱ्या मुलानं लावून दिल्यात:

‘शके १८४१ माघ… सदरहू जमिनीपैकी आमचा चार आणे हिस्सा तुम्हास रुपये १४२ घेऊन पाच वर्षांचे मुदतीने खरेदी दिला असे. मुदतीत रुपये परत दिलियास जमीन आमची आम्हास परत द्यावी.’

शके १८४१ म्हणजे ७८ मिळवून १९१९, बरोबर ना?

मोडीकाका
मुलानं वाचलंय चांगलं, पण दोन ठिकाणी थांबा.

तारीख: शक चैत्रात बदलतं, इंग्रजी साल जानेवारीत. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तोवर इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. माघासाठी ७९ मिळवायचे, म्हणजे १९२०. पण हे लिप्यंतरात घालायचं नाही. तिथे ‘शके १८४१ माघ’ एवढंच, इंग्रजी साल खाली टिपेत.

रक्कम: १४२ च्या पुढे दोन उभ्या रेघा दिसतात का?

अनघा_पुणे
हो! मी त्या पूर्णविरामासारख्या समजले. मुलानंही सोडून दिल्यात.

मोडीकाका
तो अर्धा आहे. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रक्कम १४२॥, म्हणजे एकशे बेचाळीस रुपये आठ आणे. तुमच्या कागदात आठ आण्यांनी फार बिघडत नाही, पण त्याच रेघा बिघ्यापुढे आल्या आणि सोडल्या तर जमीन कमी होते. उलट चूकही होते. अक्षरापुढे त्याच दोन रेघा आल्या तर तो अर्धा नव्हे, संक्षेप असतो. ‘रा॥’ म्हणजे राजश्री. रेघेच्या आधी आकडा आहे की अक्षर, ते बघायचं.

शिरवळकर
मी म्हणत होतो ते यासाठीच. लिप्यंतरात ध चा मा होणार, त्यापेक्षा अर्थ सांगणारं सरळ भाषांतर बरं.

मोडीकाका
ध चा मा म्हणजे लिहिलेलं मुद्दाम बदलणं, आणि तीही आख्यायिकाच. इथे भीती आहे ती न दिसलेल्या रेघेची. भाषांतर करणाऱ्यालाही ती रेघ आधी वाचावीच लागेल. लिप्यंतर नीट नसेल तर त्याच्यावर केलेल्या भाषांतराला काही आधारच उरत नाही.

वकीलताई_कराड
‘चार आणे हिस्सा’ लिप्यंतरात तसाच राहू द्या. पुढे इंग्रजी करताना मात्र नुसतं चार आणे लिहून चालणार नाही, वाचणाऱ्याला ती किंमत वाटेल. सोळा आणे म्हणजे पूर्ण, म्हणून चार आणे म्हणजे पाव हिस्सा. हा भाषांतराचा भाग झाला.

अनघा_पुणे
ताई, ‘मुदतीने खरेदी’ म्हणजे विकली की गहाण ठेवली? बाईंनी खास तेच विचारलंय. इंटरप्रिटेशन म्हणजे त्यांना हेच अपेक्षित असावं असं वाटतंय.

वकीलताई_कराड
अगदी हेच, आणि इथे तुम्ही थांबायचं. मुदतखरेदीत कागदावर विक्री असते, पण पैसे परत दिले तर जमीन परत द्यायची अट असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सशर्त विक्रीचं गहाण असा प्रकार आहे. कधी कोर्ट ते गहाण धरतं, कधी खरी विक्री. रक्कम बाजारभावाच्या मानानं किती, ताबा कुणाकडे गेला, असं बरंच बघतात. शिरवळकरांचं निर्वचन ते हेच, आणि ते कोर्टाचं काम.

शिरवळकर
मला तर ते सरळ गहाण दिसतंय. परत द्यायची अट आहे ना?

वकीलताई_कराड
तुम्हाला दिसतंय, उद्या कोर्टालाही दिसेल कदाचित. पण भाषांतरकारानं इंग्रजीत गहाणाचा शब्द घातला तर निकालच लिहून दिल्यासारखं होतं, आणि विक्रीचा घातला तरी तेच. मूळ शब्द ‘मुदतीने खरेदी’ तसेच ठेवायचे आणि अट शब्दशः द्यायची. १९२९ च्या दुरुस्तीनं परत देण्याची अट त्याच दस्तात असली पाहिजे असं घातलं. हा कागद त्याआधीचा असला तरी इथे अट त्याच कागदात दिसतेय, तेव्हा तो मुद्दा आड येऊ नये. बाकी दस्त पूर्ण पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही.

दुभाषी_चाकण
मग बाईंना इंटरप्रिटेशनसाठी वकील हवा, दुभाषी नव्हे. मला वाटलंच होतं.

अनघा_पुणे
म्हणजे बाईंना मी असं कळवते: बाळबोध लिप्यंतर, पानाच्या दरानं, मोडी जाणकाराकडून, मी मध्यस्थ. इंग्रजी सध्या नको. अर्थासाठी भावाच्या वकिलांना विचारा. माझं काम जवळजवळ उरतच नाही.

मोडीकाका
मजकूर टाइप करून देणं, नावं-गावं तपासणं उरतं की. गावाची नावं सातबाऱ्यावर आजही मिळतात, तिथे ताडून बघा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, एकच इकार असतो. आता बाळबोधीत ‘जमिनी’ शुद्ध लिहायचं की कागदात आहे तसं, यावर मात्र आमच्यात एकमत नाही. मी आहे तसंच ठेवतो.

वकीलताई_कराड
मला शुद्ध केलेलं चालतं, फक्त विशेषनामाला हात लावू नका. आडनावाच्या वेलांटीवरून समोरचा वकील अर्धा तास घालवतो.

मोडीकाका
ताई, विशेषनाम कुठलं ते आधी ओळखावं लागतं. न तोडलेल्या ओळीत ‘काळे’ हे आडनाव की जमिनीचा रंग, हे मला परवाच्या कागदात अजून ठरवता आलेलं नाही.

अनघा_पुणे
मागच्या बाजूचे फोटो आले. शिक्का आहे, तारीख पुसट आहे. काका, नवीन धागा काढते.