प्रश्नावलीसोबत छोटी भेट द्यावी का? उत्तरे वाढतील, पण कोणाची?

माधुरी (प्रश्न)
आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे १२०० सभासद आहेत. वाचनालयाची वेळ, पुस्तकांची निवड आणि वर्गणी यांविषयी १६ प्रश्नांचा एक कागद आम्ही सर्वांना देणार आहोत. फॉर्म भरून देणाऱ्याला एका महिन्याची वर्गणी माफ करावी, असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे. भेटीच्या आशेने भरलेल्या फॉर्मवर विश्वास ठेवता येणार नाही, असे इतरांना वाटते. आपले मत कारणांसह सांगावे.

दत्तात्रय
माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. मी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली आणि ग्राहकांकडून अभिप्राय घेण्याचे काम अनेकदा केले. ज्याच्या हातावर आपण काही ठेवतो, तो आपल्याविषयी वाईट लिहायला कचरतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय आपल्या देशात त्याची गरजही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्के आणि पुरुषांपैकी ९२ टक्के लोकांनी मुलाखती दिल्या, आणि त्यातील प्रश्न वाचनालयाच्या वेळेपेक्षा कितीतरी खासगी होते. लोकांना विषयाचे महत्त्व पटले की ते उत्तर देतात.

वैदेही
दत्तात्रयकाका, आपले आकडे बरोबर आहेत, परंतु तिथे प्रशिक्षित मुलाखतकार दारात उभी असते आणि घरी कोणी भेटले नाही तर ती पुन्हा जाते. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते. कागदाला नाही म्हणावेच लागत नाही; तो टीव्हीवर ठेवला जातो आणि आठवड्याने रद्दीत जातो. माधुरीताईंचे सर्वेक्षण या दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून तुलना टपालाने केलेल्या सर्वेक्षणांशी करायला हवी.

त्या सर्वेक्षणांत सर्वांत ठळकपणे दिसते ते असे, की भेट किती मोठी आहे यापेक्षा ती केव्हा मिळते याला जास्त महत्त्व असते. अमेरिकेत बांधकामाच्या छोट्या कंत्राटदारांवर केलेला एक प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीही न दिलेल्या गटातून सुमारे ५२ टक्के फॉर्म परत आले. फॉर्म आल्यावर ५० डॉलर देऊ, असे सांगितलेल्या गटातून सुमारे ५७ टक्के आले. ज्यांच्या पाकिटात आधीच एक डॉलरची नोट ठेवली होती, त्यांच्याकडून मात्र ६४ टक्के आले आणि पाच डॉलर ठेवले तेव्हा ७१ टक्के. म्हणजे हातात आलेल्या एका डॉलरने ५० डॉलरच्या आश्वासनाला मागे टाकले. पुढच्या वर्षी अशा अनेक टपाली प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यातही आधी दिलेल्या भेटीचाच परिणाम दिसला, आश्वासनाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. कारण समजण्यासारखे आहे. नंतर मिळणारे पैसे ही मजुरी असते आणि माणूस हिशेब करतो की एवढ्या वेळाला ती पुरेशी आहे का. आधी मिळालेली छोटी रक्कम ही विश्वास टाकल्याची खूण असते आणि तिची परतफेड करावीशी वाटते.

मोहन
मी निवृत्त शिक्षक आहे. सर्वेक्षणात पैसे देण्याचा वाईट अनुभव मी घेतला आहे. एका कामात आम्हाला भरलेल्या प्रत्येक फॉर्ममागे ठरावीक रक्कम मिळत असे. काही सहकाऱ्यांनी निम्मे फॉर्म घरी बसून भरले. मी तपासायला घेतलेल्या एका गठ्ठ्यात सलग अकरा कुटुंबांचा महिन्याचा खर्च हजाराच्या पटीतच होता आणि सर्वांची शाई एकच होती. म्हणून पैसे देऊच नयेत.

वैदेही
सर, माधुरीताईंचा प्रश्न उत्तर देणाऱ्याला भेट द्यावी का, असा आहे. आपण सांगत आहात ती फॉर्म गोळा करणाऱ्याच्या मोबदल्याची गोष्ट आहे. तरीही ती इथे लागू पडते, कारण वाचनालयाने मुलांना घरोघर पाठवून फॉर्ममागे पैसे दिले, तर हेच होईल. त्यांना दिवसाचा मोबदला द्यावा.

आता वर्गणीमाफीविषयी. एक कल्पित हिशेब मांडते. समजा, १२०० पैकी ३०० सभासद नेहमी येणारे आहेत आणि ९०० जणांनी वर्षभरात एकही पुस्तक नेलेले नाही, फक्त अनामत काढून घेतलेली नाही. वाचनालय रात्री आठपर्यंत उघडे असावे, असे नेहमी येणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना आणि न येणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना वाटते, असे धरू. सर्वांचे मत घेतले तर आठपर्यंतच्या बाजूने साडेसत्तावन्न टक्के, म्हणजे स्पष्ट बहुमत आहे.

भेट न देता नेहमी येणाऱ्यांपैकी १८० आणि न येणाऱ्यांपैकी ९० जणांनी उत्तर दिले, तर २७० फॉर्म हाती येतील आणि आठपर्यंतच्या बाजूने फक्त ३७ टक्के दिसतील. आता वर्गणी माफ केली. ती कोणाला हवी आहे? जो येतो त्यालाच. समजा त्यांच्यापैकी २४० जणांनी आणि न येणाऱ्यांपैकी १०८ जणांनी उत्तर दिले. फॉर्म २७० वरून ३४८ झाले, कार्यकारिणीला समाधान वाटले, पण आकडा ३५ च्या आसपास येऊन सत्यापासून आणखी दूर गेला. त्याऐवजी सर्वांना सारखीच उपयोगी अशी थोडी रोख रक्कम आधी दिली आणि नेहमीचे २१० व न येणारे २७० जण उत्तरले, तर आकडा ४८ पर्यंत येतो. तोही पूर्ण बरोबर नाही, पण चूक निम्म्याहून कमी झाली.

ज्याला विषयात रस आहे तो भेटीविनाही लिहितो. भेटीने हलतो तो ज्याला रस नाही. म्हणून भेट विषयाशी जोडलेली असू नये. वाचनालयाने पुस्तक किंवा वर्गणी दिली, तर आधीच जास्त बोलणाऱ्यांचा आवाज आणखी वाढतो.

दत्तात्रय
हिशेब पटला, परंतु खर्चाचे काय? प्रत्येकी दहा रुपये म्हणजे १२ हजार रुपये, आणि आपल्याच गणिताप्रमाणे त्यातून २१० जास्तीचे फॉर्म मिळतात. एका जास्तीच्या फॉर्ममागे ५७ रुपये पडले. उत्तर न देणारे ७२० जण दहा रुपये ठेवून घेतील ते वेगळेच. हा सभासदांचा पैसा आहे आणि वार्षिक सभेत मला त्याचे उत्तर द्यावे लागले, तर मी काय सांगू?

वैदेही
१२०० जणांना विचारण्याची गरजच नाही. सभासद-नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून ४०० जण निवडा. चार हजार रुपये लागतील. आठवड्याने एक आठवण आणि त्यानंतर पुन्हा एक आठवण द्या. १२०० पैकी आपण होऊन लिहिणाऱ्या २७० जणांपेक्षा चिठ्ठीने निवडलेल्या ४०० पैकी १६० जणांची उत्तरे मला अधिक भरवशाची वाटतात, कारण न लिहिणारे कोण आहेत हे नोंदवहीतून कळते. वय, कोणत्या भागात राहतात आणि शेवटचे पुस्तक केव्हा नेले, या तीन गोष्टी उत्तर देणाऱ्यांच्या आणि न देणाऱ्यांच्या शेजारी शेजारी लिहून पाहा. भेटीने कोणाला ओढून आणले, ते तिथे दिसते. त्यासाठी फॉर्मवर क्रमांक टाकावा लागेल आणि तो का टाकला आहे, हे कागदावर सरळ लिहावे लागेल.

अनिकेत
ऑनलाइन करणार असाल तर माझा अनुभव ऐका. मी ज्या संस्थेत होतो, तिथे आम्ही फॉर्म भरणाऱ्याला यूपीआयने ५० रुपये देऊ, असे लिहून लिंक पाठवली. ती कोणीतरी व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटात टाकली. रात्री साडेअकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान फॉर्मांचा पूर आला. आठ मिनिटांचा फॉर्म लोकांनी सव्वा मिनिटात भरला होता, बारा ओळींच्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत एकच रकाना निवडला होता, आणि ‘आणखी काही सुचवायचे आहे का’ याखाली अनेकांनी फक्त ‘छान’ लिहिले होते. एकाच घरातील चार फोनवरून चार फॉर्म आल्याचेही आढळले. त्यानंतर आम्ही मासिकांच्या यादीत अस्तित्वात नसलेल्या एका मासिकाचे नाव घालू लागलो. ते ‘नियमित वाचतो’ म्हणणाऱ्याचा संपूर्ण फॉर्म आम्ही पुन्हा तपासतो. म्हणून पैसे दिले की लोक काळजीपूर्वक उत्तरे देत नाहीत, असे मला वाटते.

वैदेही
तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. लिंक कोणालाही उघडत होती, पैसे फॉर्म भरल्यावर होते, आणि माणूस कोण आहे हे माहीत नव्हते. अशा ठिकाणी जितके फॉर्म तितके पैसे, म्हणून घाई होणारच. नाव निवडून आधी भेट दिलेल्या सर्वेक्षणांत मात्र उत्तरांचा दर्जा घसरल्याचे सहसा आढळलेले नाही. टपाली सर्वेक्षणाच्या १९९० मधील एका अभ्यासात तर जास्त रक्कम मिळालेल्यांनी मोकळ्या जागेत अधिक लिहिले होते.

एक शंका मात्र मी मान्य करते. ज्याला विषयात रस नाही, त्याला आपण आणले, तर तो १६ पैकी १२ व्या प्रश्नापर्यंत थकू शकतो. त्याच्या उत्तरांत ‘सांगता येत नाही’ जास्त येईल. पण तो निष्काळजीपणाच असेल, असे नाही. जो दोन वर्षे आला नाही, त्याला नव्या कपाटांविषयी खरोखरच मत नसते. म्हणून प्रश्न कमी करा आणि महत्त्वाचे प्रश्न वर घ्या.

दत्तात्रय
कौतुकाचा माझा मुद्दा राहिलाच. ज्याला वाचनालयाच्या पाकिटात दहा रुपये मिळाले, तो ग्रंथपालांच्या वागणुकीविषयी खरे लिहील का?

वैदेही
त्यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. भेटीमुळे माणसाचा सूर थोडा मवाळ होऊ शकतो, ही शक्यता संशोधकांनीही मांडली आहे. म्हणूनच ४०० पैकी निम्म्यांना भेट द्या आणि निम्म्यांना देऊ नका, पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकूनच पाडा. नंतर फक्त नेहमी येणाऱ्यांची, दोन्ही गटांतील वागणुकीविषयीची उत्तरे ताडून पाहा. दोन्हीकडे माणसे एकाच प्रकारची असल्याने फरक दिसला तर तो सुराचा असण्याची शक्यता जास्त. गट लहान आहेत, त्यामुळे मोठाच फरक असेल तर तो दिसेल.

मोहन
भेट न मिळालेल्या दोनशे जणांना शेजाऱ्याकडून कळणारच. गाव लहान आहे. त्यांना काय सांगायचे?

माधुरी
सर्वांचे आभार. वर्गणीमाफीचा प्रस्ताव मी मागे घेते. नाणे चिकटवलेली आहेराची पाकिटे दुकानात तयार मिळतात. त्यांत दहाची नोट घालून आमचे शिपाई दादा ती फॉर्मसोबत घरी पोहोचवतील, आणि त्यांना फॉर्ममागे नव्हे, तर दिवसाचे पैसे देऊ. प्रश्न १६ वरून नऊ केले आहेत आणि वेळेचा प्रश्न पहिला घेतला आहे. मोहन सरांच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर सुचलेले नाही. उरलेल्या दोनशे जणांना फॉर्म परत आल्यानंतर, आधी न सांगता तीच रक्कम द्यावी, असे मनात आहे, परंतु पहिले दहा फॉर्म येताच बातमी पसरली, तर दोन्ही गटांतील फरकच पुसला जाईल. कोणी लहान गावात असे केले असेल, तर जरूर लिहावे.